'च' दिसला की चूक?



दशलक्षण पर्व जवळ आले की पाठशाळेत मुलांच्या आणि मंडळात आपल्या परीक्षा सुरू होतात. जोड्या लावा, रिकाम्या जागा भरा, एका वाक्यात उत्तर द्या, आणि सर्वांना सोपा वाटणारा प्रश्न म्हणजे 'चूक की बरोबर ते लिहा'. या प्रश्नासाठी एक युक्ती आपल्याकडे आईकडून मुलीकडे, जावेकडून जावेकडे चालत आलेली आहे. वाक्यात 'सर्व', 'नेहमी', 'कधीच नाही', 'फक्त', 'प्रत्येक' यांपैकी शब्द दिसला, किंवा एखाद्या शब्दाला 'च' चिकटलेला दिसला, की पुढचे वाचत बसायचे नाही, सरळ 'चूक' लिहायचे. आणि 'काही', 'बहुधा', 'असू शकते' असा मवाळ शब्द दिसला की 'बरोबर' लिहायचे.

शाळेच्या पेपरात ही युक्ती बऱ्याच वेळा चालते. धर्माच्या पेपरात मात्र ती निम्मीच चालते, आणि जिथे चालत नाही तिथे नेमकी आपल्या तत्त्वज्ञानाच्या गाभ्यालाच धक्का लावते. म्हणून मला वाटते की ही युक्ती मुलांना अशी तोडून देऊ नये. तिच्यामागचे कारण समजावून द्यावे. कारण कळले की युक्तीची गरजच उरत नाही.

युक्ती का चालते?

परीक्षकाच्या बाजूने विचार करून पाहू. त्याच्यासमोर पुस्तक असते आणि पुस्तकातली वाक्ये खरी असतात. त्याला काही वाक्ये चुकीची करायची असतात. यासाठी त्याच्याकडे फार मार्ग नसतात. एक तर नाव किंवा आकडा बदलायचा, नाहीतर वाक्याचा विस्तार वाढवायचा. विस्तार वाढवणे सर्वांत सोपे, कारण त्याला एकच शब्द पुरतो.

पुस्तकात असते, "२४ पैकी २० तीर्थंकर सम्मेद शिखरावरून मोक्षाला गेले." परीक्षक लिहितो, "सर्व तीर्थंकर सम्मेद शिखरावरून मोक्षाला गेले." वाक्य ओळखीचे वाटते, शिखरजीचे नाव डोळ्यांसमोर येते आणि हात 'बरोबर' लिहून मोकळा होतो. पण आदिनाथ भगवान कैलास पर्वतावरून, वासुपूज्य चंपापुरीहून, नेमिनाथ गिरनारहून आणि महावीर पावापुरीहून मोक्षाला गेले. चार नावे आहेत, पण वाक्य पाडायला चारही लागत नाहीत. गिरनार एवढे एकच आठवले तरी पुरे.

'सर्व' शब्दाचे गणित एवढेच आहे. 'सर्व' म्हटले की वाक्याला एकही अपवाद सोसत नाही. 'काही' म्हटले की वाक्याला एकच उदाहरण पुरते. 'सर्व'चे वाक्य उभे राहायला २४ च्या २४ जागा भराव्या लागतात आणि पडायला एक रिकामी जागा पुरते. 'काही'चे वाक्य याच्या उलट. म्हणून साधारणपणे टोकाच्या शब्दाचे वाक्य चुकीचे निघण्याची शक्यता जास्त असते. तो शब्द वाक्याला चुकीचे करत नाही. "इथे अपवाद शोध" एवढाच इशारा तो देतो. शोधायचे काम आपले आहे.

स्वयंपाकघरातले एक वाक्य घेऊ: "जमिनीखाली तयार होणारे सर्व पदार्थ कंदमूळ म्हणून वर्ज्य आहेत." बटाटा, कांदा, लसूण, गाजर, मुळा, बीट, रताळे अशी नावे आपण पटापट घेतो आणि वाक्य खरे वाटू लागते. पण उदाहरणे कितीही जमवली तरी 'सर्व' सिद्ध होत नाही. एक अपवाद शोधायचा. भुईमुगाची शेंग जमिनीखालीच तयार होते. तिचे फूल मात्र वर येते, फुलानंतर आऱ्या खाली मातीत शिरतात आणि त्यांच्या टोकाला शेंग धरते. म्हणजे ती मूळही नाही आणि कंदही नाही, ते फळ आहे. म्हणून कंदमूळ न खाणाऱ्या आपल्या घरांतही शेंगदाण्याची चटणी असते. वाक्य चूक. पण 'सर्व' दिसला म्हणून ते चूक नाही. शेंग सापडली म्हणून चूक आहे.

दुसरे वाक्य: "एकदा गाळलेले पाणी दिवसभर नेहमीच चालते." इथे अपवाद घड्याळात आहे. गाळलेल्या पाण्याची मर्यादा एक मुहूर्त, म्हणजे दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटे. त्यानंतर ते पुन्हा गाळावे लागते. 'नेहमी' हा शब्द वेळेबद्दल बोलतो, म्हणून त्याचा अपवादही वेळेतच शोधायचा. 'सर्व' असेल तर वस्तू किंवा व्यक्ती शोधायची, 'सगळीकडे' असेल तर ठिकाण शोधायचे. कुठला शब्द आहे यावरून कुठे शोधायचे ते ठरते, हे मुलांना एकदा दाखवले की ते स्वतः शोधू लागतात.

युक्ती कुठे मोडते?

आता हे वाक्य पाहा: "सिद्ध जीव पुन्हा कधीच जन्म घेत नाही."

युक्तीवर वाढलेली मुलगी इथे 'कधीच नाही' पाहते आणि 'चूक' लिहिते. एक गुण जातो, ते काही मोठे नाही. पण ती काय लिहून आली आहे ते पाहा. मोक्ष मिळालेला जीव परत येऊ शकतो, असे तिने लिहिले आहे. तसे असेल तर मोक्ष हाही एक मुक्कामच ठरला. मग आपण व्रते, उपवास, सामायिक करतो ते कशासाठी? शाळेतल्या मैत्रिणींकडून ती अवतारांच्या गोष्टी ऐकत असते. त्या त्यांच्या श्रद्धेच्या जागी आहेत. पण सिद्ध परत येत नाहीत हा आपल्या दर्शनाचा कणा आहे, आणि तो तिला याच पाठशाळेत कळायला हवा.

हे वाक्य खरे का? सिद्ध म्हणजेच ज्याची आठही कर्मे नष्ट झाली असा जीव. जन्म घ्यायला कर्म लागते. कर्म उरलेले असेल तर तो जीव सिद्धच नाही. भाजलेला शेंगदाणा पेरला तर उगवत नाही, तसे हे आहे. इथे अपवाद सापडत नाही तो आपली माहिती कमी पडते म्हणून नव्हे. 'सिद्ध' शब्दाच्या अर्थातच अपवादाला जागा ठेवलेली नाही.

म्हणजे टोकाचा शब्द असलेली वाक्ये दोन जातींची असतात. एका जातीत आपण जगातल्या वस्तू मोजून 'सर्व' म्हणतो. किती तीर्थंकर कुठून गेले, कुठला पदार्थ कुठे पिकतो, कोण काय करतो, ही मोजदाद. तिथे अपवाद निघण्याचा संभव मोठा. दुसऱ्या जातीत 'सर्व' हा लक्षणातून, म्हणजे व्याख्येतून आलेला असतो. तत्त्वार्थसूत्रात जीवाचे लक्षण उपयोग सांगितले आहे. म्हणून "प्रत्येक जीवाला उपयोग असतोच" हे खरे. "अजीव द्रव्य कधीच जाणू शकत नाही" हेही खरे. "स्थावर जीव सर्वच्या सर्व एकेंद्रिय असतात" हेही खरे. तिन्ही वाक्ये टोकाच्या शब्दांनी भरलेली आहेत आणि तिन्ही बरोबर आहेत.

धर्माच्या पेपरात ही युक्ती जास्त फसते ती यामुळेच. आपले शास्त्र लक्षणांवर उभे आहे, म्हणून खरे असलेले 'सर्व' आणि 'कधीच नाही' इथे पावलोपावली भेटतात.

याची उलट बाजूही लक्षात ठेवावी. "काही सिद्ध जीव पुन्हा जन्म घेतात" या वाक्यात मवाळ शब्द आहे, आणि वाक्य साफ चूक आहे. लक्षण जिथे दार बंद करते तिथे 'काही'लाही आत जाता येत नाही.

दोन सारखी वाक्ये शेजारी ठेवली की फरक चांगला उमजतो. "यम हा आजन्मच असतो" आणि "नियम हा आजन्मच असतो." दोन्हींत तोच 'च' आहे. युक्तीने दोन्ही चूक ठरतात. पण रत्नकरंड श्रावकाचारात सांगितल्याप्रमाणे जन्मभरासाठी केलेला त्याग म्हणजे यम आणि ठरावीक काळासाठी केलेला त्याग म्हणजे नियम. पहिले वाक्य बरोबर, दुसरे चूक. 'च'ने इथे काहीही सांगितले नाही. उत्तर यम आणि नियम या शब्दांच्या अर्थात होते.

वाक्य उलटे केले तर?

परीक्षकाची आणखी एक सवय सांगते, कारण ती टोकाच्या शब्दाच्या आडून येते. "प्रत्येक तीर्थंकर केवली होतो" हे बरोबर आहे. परीक्षक ते फिरवतो, "प्रत्येक केवली तीर्थंकर होतो." शब्द तेच, 'प्रत्येक' तोच, फक्त जागा बदलली.

अपवाद शोधायला आपल्याला लांब जायला नको. कुंथलगिरीला कोणाचे दर्शन घेतो आपण? कुलभूषण आणि देशभूषण मुनींचे. ते केवली झाले, तिथून मोक्षाला गेले, पण २४ तीर्थंकरांत त्यांची नावे नाहीत. बाहुबली भगवानही केवली झाले, तीर्थंकर नव्हते. म्हणजे दुसरे वाक्य चूक.

लहान मुलांना हे ताटलीवर दाखवता येते. मोठ्या ताटात छोटी वाटी ठेवायची. वाटीतला प्रत्येक दाणा ताटातही आहे, पण ताटातला प्रत्येक दाणा वाटीत नाही. केवलींचे ताट मोठे, तीर्थंकरांची वाटी छोटी. 'प्रत्येक' दिसला की आधी विचारायचे, ताट कुठले आणि वाटी कुठली?

'च' कुठे बसला आहे?

मराठीत टोकाचे शब्द ओळखताना सर्वांत जास्त लक्ष 'च'कडे द्यावे लागते, कारण तो वेगळा शब्द म्हणून उभा राहत नाही. तो दुसऱ्याला चिकटून येतो, आणि ज्याला चिकटतो त्याप्रमाणे वाक्याचा अर्थ बदलतो.

"दिगंबर मुनी दिवसातून एकदाच आहार घेतात." हे बरोबर आहे. एकभुक्ती हा त्यांच्या २८ मूलगुणांतला एक गुण आहे. इथे 'च' 'एकदा'ला चिकटला आहे, म्हणून त्याचा अर्थ एकापेक्षा जास्त वेळा नाही.

"दिगंबर मुनी दिवसातून एकदा आहार घेतातच." हे चूक आहे. इथे 'च' 'घेतात'ला चिकटला, आणि अर्थ झाला की एकही दिवस आहाराशिवाय जात नाही. पण महाराजांचे उपवास असतात, अंतराय आला तर त्या दिवशी आहार होत नाही, आणि घेतलेला संकेत न जुळल्यास ते तसेच परत फिरतात. चौका लावणाऱ्या प्रत्येक बाईने हे डोळ्यांनी पाहिलेले आहे.

"फक्त दिगंबर मुनीच दिवसातून एकदा आहार घेतात." इथे 'च' मुनींना चिकटला, आणि दुसरे कोणीही तसे करत नाही असा अर्थ झाला. हे चूक, कारण आपल्या आर्यिका माताजीही एकदाच आहार घेतात, आणि एकाशन करणाऱ्या आपल्या घरातल्या सासूबाईही त्या दिवशी एकदाच जेवतात.

तीन वाक्ये, माहिती जवळजवळ तीच, फरक फक्त 'च'च्या जागेचा. त्यामुळे पेपरात 'च' दिसला की त्याच्या मागचा शब्द पेन्सिलीने अधोरेखित करायला सांगा. 'च' आहे एवढे पाहून भागत नाही, तो कशाला आहे ते पाहावे लागते.

'नाही'बरोबर 'सर्व' आला तर आणखी एक अडचण होते. "सर्व तीर्थंकरांचे विवाह झाले नव्हते" या वाक्याचा अर्थ काय? एकाचाही झाला नव्हता, की सगळ्यांचा झाला नव्हता, काहींचा झाला होता? आपल्या दिगंबर परंपरेत वासुपूज्य, मल्लिनाथ, नेमिनाथ, पार्श्वनाथ आणि महावीर हे पाच तीर्थंकर बालब्रह्मचारी मानले जातात. मग पहिला अर्थ घेतला तर वाक्य चूक आणि दुसरा घेतला तर बरोबर. हा दोष सोडवणाऱ्याचा नाही, वाक्याचा आहे. परीक्षकाने इथे "एकाही तीर्थंकराचा विवाह झाला नव्हता" किंवा "सर्वच तीर्थंकरांचे विवाह झाले होते असे नाही" असे लिहायला हवे.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. श्वेतांबर परंपरेत महावीर भगवंतांचा विवाह यशोदादेवींशी झाला असे मानतात. म्हणून "सर्व जैन मानतात की महावीर बालब्रह्मचारी होते" हे चूक आणि "दिगंबर परंपरेनुसार महावीर बालब्रह्मचारी होते" हे बरोबर. वाक्याच्या सुरुवातीला कोणाच्या दृष्टीने ते सांगितले की बरोबर-चूक नीट ठरवता येते. ही सवय आपल्या धर्माने आपल्याला केव्हाच दिलेली आहे.

मग अनेकांताचे काय?

इथे बऱ्याच जणी म्हणतील की आपण तर अनेकांतवादी, आपण 'च' वापरूच नये. हिंदी प्रवचनात आपण ऐकतो की 'ही' म्हणजे एकांत आणि 'भी' म्हणजे अनेकांत. ते ऐकताना मराठी कानाची एक गंमत होते. हिंदीतला 'ही' म्हणजे आपला 'च', आणि हिंदीतला 'भी' म्हणजे आपला 'ही'. हिंदीत जो 'ही' टाळायला सांगतात, तोच 'ही' मराठीत जोडायला हवा. मुलांना हे समजावून सांगितले नाही तर ती प्रवचन ऐकून नेमके उलटे लिहितात. म्हणून मराठीत सांगताना "'च' म्हणजे एकांत, 'सुद्धा' म्हणजे अनेकांत" असेच सांगावे.

पण तेवढ्यावर थांबले तरी अर्धेच कळते. आपल्या आचार्यांनी 'च' टाकून दिलेला नाही. सप्तभंगीचा पहिला भंग न्यायग्रंथांत पूर्ण मांडतात तेव्हा त्यात तीन शब्द असतात: स्यात्, अस्ति आणि एव. हा 'एव' म्हणजेच आपला 'च'. समंतभद्र आचार्यांच्या आप्तमीमांसेतही 'कथंचित्'च्या सोबत 'एव' येतो. स्यात् म्हणजे कदाचित नव्हे. स्यात् म्हणजे एका विशिष्ट अपेक्षेने. आणि त्या अपेक्षेने पाहिले की वस्तू तशी आहेच, तिथे शंका नाही. शंका ठेवणारा तो संशय, स्याद्वाद नव्हे.

सोनाराकडे पाटल्या मोडून गंठण केले तर काय झाले? "ती वस्तू नष्ट झालीच" असे म्हटले तर चूक, कारण सोने गंठणात आहे. "ती वस्तू नष्ट झालीच नाही" म्हटले तरी चूक, कारण पाटल्या आता हातात घालता येणार नाहीत. दोन्ही वाक्यांत 'च' उघडा पडला आहे, त्याच्यावर अपेक्षेचे छत्र नाही. आता अपेक्षा जोडा. "सोने म्हणून ती वस्तू कायमच आहे" बरोबर. "पाटल्या म्हणून ती नष्ट झालीच" हेही बरोबर. 'च' तसाच राहिला आणि वाक्य खरे झाले. द्रव्य आणि पर्याय यांची भाषा ती हीच.

म्हणून माझे म्हणणे असे, की टोकाचा शब्द पाहून वाक्याला चूक म्हणणे हे अनेकांताचे पालन नाही. "टोकाचे वाक्य नेहमीच चूक असते" हे स्वतःच एक टोकाचे वाक्य आहे, आणि ते सिद्ध जीवाच्या एका उदाहरणाने पडते.

पाठशाळेत काय करावे?

मला दोनच गोष्टी सुचवायच्या आहेत.

पहिली पेपर काढणाऱ्यांसाठी. पेपरात दहा वाक्ये असतील आणि टोकाच्या शब्दांची सगळी वाक्ये चूक असतील, तर तो धर्माचा पेपर राहत नाही. ज्या मुलाने पुस्तक उघडलेले नाही तेही शब्द पाहून पास होते. म्हणून टोकाच्या शब्दांची निम्मी वाक्ये बरोबर असावीत आणि 'काही'ची एक-दोन वाक्ये चूक असावीत. शब्दाने उत्तर फुटत नाही म्हटल्यावर मुले अर्थाकडे वळतात.

दुसरी गोष्ट तपासण्याची. नुसते 'चूक' लिहिले तर अर्धा गुण द्यावा, आणि पुढे अपवाद किंवा दुरुस्ती लिहिली तर पूर्ण गुण. "सर्व त्रस जीव पंचेंद्रिय असतात" यापुढे मुलाने "चूक, मुंगीला तीनच इंद्रिये असतात" असे लिहिले, तर त्याला विषय समजला आहे. नुसते 'चूक' लिहिणाऱ्याला समजला की नाही ते आपल्याला कळत नाही. आणि 'बरोबर' लिहिताना टोकाचा शब्द असेल तर "कारण तेच त्याचे लक्षण आहे" एवढे शब्द मागावेत. तोंडी परीक्षेत तर हे विचारायला क्षणही लागत नाही.

घरी करून पाहण्यासाठी पाच वाक्ये देते. आधी उत्तरे झाकून मुलांना विचारा.

१. सर्व संसारी जीवांना मन असते.
२. एकेंद्रिय जीवाला फक्त स्पर्शन इंद्रियच असते.
३. काही सिद्ध जीवांना शरीर असते.
४. महावीर भगवान पावापुरीहूनच मोक्षाला गेले.
५. फक्त महावीर भगवानच बिहारातून मोक्षाला गेले.

पहिले चूक, कारण मुंगी आणि झाडे संसारी आहेत आणि त्यांना मन नाही. दुसरे बरोबर, ते लक्षण आहे. 'फक्त' आणि 'च' दोन्ही असूनही बरोबर. तिसरे चूक, 'काही' असूनही, कारण सिद्ध अशरीरी असतात. चौथे बरोबर, कारण तिथे 'च' ठिकाणाला आहे आणि जीव एकाच ठिकाणाहून मोक्षाला जातो. पाचवे चूक, कारण तिथे 'च' व्यक्तीला आहे, आणि चंपापुरीसुद्धा बिहारातच आहे, जिथून वासुपूज्य भगवान मोक्षाला गेले.

चौथ्या आणि पाचव्या वाक्याला मूल थोडे अडखळले तर लगेच उत्तर सांगू नका. "हा 'च' कोणाला चिकटला आहे?" एवढेच विचारा आणि त्याला विचार करू द्या.

जय जिनेंद्र.